शार्पनिंगनंतर कडांभोवती पांढरी किनार येते: कारण काय, आणि फोटो मऊ न पाडता ती कशी घालवायची

तक्रार साधारण अशी असते. पुढे इमारतीचं गडद छप्पर, मागे फिकं आकाश. रॉ फाइल उघडली तेव्हा छपराची कड जरा मऊ वाटत होती, म्हणून शार्पनिंग वाढवलं. कड छान कापल्यासारखी दिसू लागली, पण तिला लागून आकाशात एक पांढरी रेघ उमटली. अमाउंट कमी केला तर रेघ फिकी होते, पण फोटोही पुन्हा मऊ पडतो. अमाउंट वाढवला की रेघ हजर. मग दोन्हींच्या मधला कुठलातरी आकडा धरून फोटो सोडून द्यायचा, आणि पुढच्या फोटोला हाच खेळ पहिल्यापासून.

हा खेळ संपत नाही, कारण बहुतेक वेळा आपण चुकीचा स्लायडर ओढत असतो. किनार किती उजळ आहे हे अमाउंट ठरवतो, ती किती रुंद आहे हे रेडिअस ठरवतो, आणि डोळ्याला खुपते ती मुख्यतः रुंदी.

आधी खात्री करा: हे शार्पनिंगचंच काम आहे का?

कडेभोवती दिसणारी प्रत्येक किनार शार्पनिंगमुळे येत नाही. त्यामुळे फोटो शंभर टक्के झूमवर आणा आणि तीन गोष्टी बघा: किनारीची रुंदी, तिचा रंग, आणि पट्टा एकच आहे की एकाआड एक अनेक.

किनार वीस-तीस पिक्सेल किंवा त्याहूनही रुंद असेल, छपराभोवती आकाशात प्रकाश सांडल्यासारखा दिसत असेल, तर दोष Clarity, Dehaze किंवा Shadows आणि Highlights टोकाला ओढण्याचा आहे. तिथे शार्पनिंग शून्यावर नेलं तरी फरक पडणार नाही. किनार एका बाजूला जांभळट आणि समोरच्या बाजूला हिरवट असेल, शिवाय फोटोच्या कोपऱ्यांकडे वाढत जात असेल, तर ते लेन्सचं काम आहे. ते लेन्स करेक्शनमध्ये आधी सोडवा, कारण शार्पनिंग त्या रंगीत कडेलाही तितक्याच निष्ठेने गडद करतं. आणि कडेला समांतर उजळ, गडद, पुन्हा उजळ अशा बारीक लाटा दिसत असतील, तर फोटो लहान-मोठा करताना वापरलेली लान्झोससारखी पद्धत किंवा अतिउत्साही डीकन्व्होल्यूशन, म्हणजे धूसरपणा उलटा फिरवायला बघणारं शार्पनिंग, यांच्यावर संशय घ्या.

साध्या शार्पनिंगची किनार या सगळ्यांहून वेगळी ओळखू येते. एकच पट्टा, एक ते सात-आठ पिक्सेल रुंद, रंगाने मागच्या आकाशाचाच पण अधिक उजळ, आणि पलीकडे छपराच्या आत तिची जोडीदार गडद पट्टी. ही गडद पट्टी सहसा लक्षात येत नाही, कारण छपरावर कौलं, डाग, सावल्या असा पोत असतो आणि त्यात ती मिसळून जाते. आकाश मात्र सपाट. तिथे लपायला जागा नाही. म्हणून दोन्ही पट्ट्या सारख्याच जोरकस असल्या तरी तक्रार कायम पांढरीचीच येते.

मोजून बघायचं असेल तर फोटोशॉपमध्ये Info पॅनेल उघडा आणि कर्सर कडेजवळच्या आकाशावरून हळूहळू लांब न्या. दूरच्या आकाशाचा आकडा आणि कडेला खेटून असलेल्या पिक्सेलचा आकडा यांतला फरक म्हणजे ओव्हरशूट. आणि आकडा पुन्हा आकाशाच्या मूळ पातळीवर यायला जितके पिक्सेल लागतात ती किनारीची रुंदी. या दोन आकड्यांवर बाकी सगळं ठरतं.

किनार येते कुठून

अनशार्प मास्क ही शार्पनिंगची जुनी आणि अजूनही सगळीकडे वापरात असलेली पद्धत. तिचं गणित एका ओळीत मावतं:

```
result = original + amount * (original - blurred)
```

फोटोची एक धूसर प्रत बनवायची, मूळ फोटोतून ती वजा करायची आणि जो फरक उरेल तो काही पटीने मूळ फोटोत मिसळायचा. सपाट भागात धूसर प्रत आणि मूळ फोटो सारखेच असतात, त्यामुळे फरक शून्य. कडेजवळ मात्र धूसर प्रतीत छपराचा काळोख आकाशात आणि आकाशाचा उजेड छपरात झिरपलेला असतो. आकाशाच्या बाजूचा पिक्सेल धूसर प्रतीपेक्षा उजळ ठरतो, म्हणून तो आणखी उजळ केला जातो. छपराच्या बाजूचा गडद ठरतो, म्हणून आणखी गडद. कडेवरची उडी मूळ उडीपेक्षा मोठी होते आणि डोळा त्याला धार समजतो.

म्हणजे ओव्हरशूट हा या पद्धतीतला बिघाड नाही. शार्पनिंग त्यानेच होतं. तो पूर्ण काढून टाकला तर स्वच्छ, आधीच तीव्र असलेल्या कडेवर काहीच काम उरत नाही. प्रश्न एवढाच की तो किती पिक्सेलांवर पसरू द्यायचा आणि कुठल्या बाजूला किती ठेवायचा.

आकडे घालून बघू. 0 ते 255 च्या मापात छप्पर 60 आणि आकाश 180 धरा, आणि मधली कड एकदम सरळ, तीव्र. खालच्या तीन ओळींत कडेपासून आकाशाकडे जाताना लागणारे पहिले सात पिक्सेल आहेत. डावीकडे रेडिअस, म्हणजे गॉसियन ब्लरचा सिग्मा, आणि अमाउंट. तिन्ही ठिकाणी अमाउंट मुद्दाम असा निवडलाय की कडेला खेटून असलेला पिक्सेल सारखाच उजळ व्हावा.

```
0.7  140%   216 182 180 180 180 180 180
1.0  100%   216 187 181 180 180 180 180
3.0   70%   216 206 197 190 186 183 181
```

कडेवरची उडी तिन्हींत एकच आहे: आकाशाकडे 216, पलीकडे छपरात 24. धार सारखीच. पण पहिल्या ओळीत किनार एका पिक्सेलात आटोपते, आणि तिसऱ्या ओळीत तीच उतरती होत सातव्या पिक्सेलपर्यंत रेंगाळते. तिसऱ्या ओळीतला अमाउंट तर सगळ्यांत कमी आहे, निम्मा! अमाउंट उतरवूनही किनार का जात नाही, याचं उत्तर त्या ओळीत आहे. रेडिअस 3 ठेवून अमाउंट आणखी कमी केला तर 216 चा 200 होईल, पण सात पिक्सेलांची शेपटी तशीच राहील, आणि धार जाईल ती वेगळीच.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक सॉफ्टवेअरचा रेडिअस हा सिग्माशी हुबेहूब जुळेलच असं नाही. त्यामुळे एका प्रोग्रॅममधले आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे नेऊ नका; दिशा मात्र सगळीकडे तीच.

आकाश 180 ऐवजी 235 असतं तर आणखी एक भानगड होते. छपराशी फरक 120 वरून 175 वर जातो आणि ओव्हरशूटही 36 वरून 53 वर. 235 मध्ये 53 मिळवले की 288, म्हणजे 255 च्या पलीकडे. आकडा 255 ला कापला जातो. फिक्या निळ्या आकाशात निळा चॅनेल आधी भिंतीला टेकतो, लाल-हिरवे त्याच्या मागून वर येतात, आणि किनारीतला निळा रंगच निघून जातो. आकाशाची उजळ छटा राहण्याऐवजी कोरी पांढरी रेघ उरते. ढगाळ किंवा दुपारच्या आकाशावर किनार जास्त बोचते त्याचं हे एक कारण.

एक पिक्सेलची किनार का चालते

निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. 30 सेंटिमीटरवर धरलेल्या प्रिंटसाठी याचा अर्थ सुमारे 0.087 मिलिमीटर. 300 पीपीआयच्या प्रिंटचा एक पिक्सेल 0.085 मिलिमीटरचा असतो. म्हणजे तिथे एक पिक्सेल रुंद किनार डोळ्याच्या मर्यादेवरच येते. ती रेघ म्हणून दिसत नाही, कडेतच विरघळते आणि फक्त धार जाणवते. तीच किनार सात पिक्सेलांची असली तर जवळपास 0.6 मिलिमीटर, आणि ती कुणालाही दिसेल.

स्क्रीनवर परिस्थिती कडक आहे. 96 पीपीआयच्या मॉनिटरवर एक पिक्सेल 0.26 मिलिमीटरचा, आणि 60 सेंटिमीटरवरून डोळ्याची मर्यादा 0.17 मिलिमीटर. म्हणजे अशा मॉनिटरवर एक पिक्सेलची किनारसुद्धा नीट बघणाऱ्याला दिसू शकते. म्हणून प्रिंटसाठी केलेलं शार्पनिंग शंभर टक्क्यांवर स्क्रीनवर बघितलं की भडक वाटतं, आणि स्क्रीनला बेतून केलेलं प्रिंटवर सौम्य. दोन्ही फाइल वेगळ्या ठेवाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. फोनच्या दाट स्क्रीनवर किनार लपते, म्हणून फोनवर बघून पास केलेला फोटो मोठ्या मॉनिटरवर उघडला की दचकायला होतं.

पुन्हा पुन्हा येते, कारण शार्पनिंग एकदाच होत नाही

स्लायडर जागेवर ठेवूनही किनार परत येत असेल, तर फोटो वाटेत किती ठिकाणी शार्पन होतोय ते मोजा. जेपेग काढला असेल तर कॅमेऱ्याने एकदा केलंय. रॉ कन्व्हर्टरने एकदा. लाइटरूममध्ये रॉ फाइलला तुम्ही हात न लावताही Amount 40, Radius 1.0, Detail 25, Masking 0 हे सुरुवातीलाच लागलेलं असतं. मग एक्स्पोर्टच्या खिडकीत Output Sharpening ची खूण असली तर तिसरी वेळ. फोटोशॉपमध्ये लहान करताना Bicubic Sharper निवडलं तर चौथी.

यातली एकेक पायरी सौम्य असते. पण दुसरी पायरी पहिल्या पायरीने बनवलेल्या किनारीलाच कड समजते आणि तिला धार लावते. ओव्हरशूटवर ओव्हरशूट चढतो.

आकार कमी करण्याचा क्रमही इथे महत्त्वाचा आहे. 6000 पिक्सेल रुंद फोटो 2000 वर आणला की तीन पिक्सेलांची किनार एक पिक्सेलाची होते आणि सगळं आलबेल वाटतं. त्यावर एक्स्पोर्ट शार्पनिंग चढलं की तीच किनार पुन्हा डोकं वर काढते. उलटं, मूळ आकारात रेडिअस 0.7 ने केलेलं बारीक शार्पनिंग लहान आकारात जवळजवळ नाहीसं होतं आणि फोटो मऊ वाटतो, म्हणून लोक मूळ आकारातच जोर लावतात. योग्य जागा वेगळी आहे: मूळ आकारात फक्त लेन्स-सेन्सरचा मऊपणा भरून निघेल इतकं, मग आकार कमी, आणि शेवटचं शार्पनिंग अंतिम आकारात, शंभर टक्के झूमवर बघून. 50 किंवा 67 टक्के झूमवर बघून घेतलेला निर्णय धरू नका. तिथे स्क्रीनवर दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरने पिक्सेल आधीच मिसळलेले असतात.

गुन्हेगार शोधायची रीत सोपी आहे. आधी सगळ्या पायऱ्या बंद करून एक फाइल काढा. मग एकेक चालू करत तेवढ्याच आकाराच्या फाइल काढा आणि कडेचा तोच तुकडा शेजारी-शेजारी लावून बघा. सगळं बंद असतानाही किनार असेल तर ती कॅमेऱ्याच्या जेपेगमध्येच भाजलेली आहे. ती कन्व्हर्टरमध्ये जाणार नाही; त्याचा उपाय शेवटी दिलाय.

मास्किंग आणि थ्रेशोल्ड यासाठी नाहीत

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की वेगळं लिहायला हवं. किनार दिसली की Masking ऐंशीवर नेण्याचा सल्ला हमखास मिळतो. लाइटरूममध्ये Alt दाबून Masking ओढा: पांढरं दिसेल तिथे शार्पनिंग होणार, काळं दिसेल तिथे नाही. आता छपराची कड बघा. ती पांढरीच आहे, आणि ऐंशीवरही पांढरीच राहते. मास्किंग सपाट आकाशातला नॉइज वाचवतं, कडांना मोकळं सोडतं, आणि आपली किनार तर कडेवरच राहते. अनशार्प मास्कमधला थ्रेशोल्डही असाच: तो लहान फरक वगळतो, मोठ्या फरकांना जाऊ देतो. छप्पर आणि आकाश यांच्यात 120 पातळ्यांचा फरक आहे, तो कुठल्याही शहाण्या थ्रेशोल्डच्या वरच राहणार. दोन्ही उपयोगाची साधनं आहेत, पण नॉइजसाठी.

रॉ कन्व्हर्टरमध्ये काय बदलायचं

लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये शंभर टक्क्यांवर जा आणि Alt दाबून Radius ओढा. फोटो करडा होतो आणि फक्त कडांचा परिणाम उरतो. 3.0 वर कडांना जाड, फुगीर रेघा दिसतील. तिथून खाली येत राहा. रेघा केसासारख्या बारीक झाल्या की थांबा. नीट फोकस असलेल्या फोटोत हे 0.5 ते 0.8 च्या आसपास येतं. आता Amount वाढवायला जागा मिळते: जिथे रेडिअस 1.0 ला 40 ठेवत होतात तिथे 60-70 पर्यंत जाता येतं आणि किनार तरीही बारीक राहते.

तिसरा स्लायडर Detail. तो खाली असताना सॉफ्टवेअर किनार स्वतःच दाबतं, वर नेला की बारीक पोत उठतो पण तो दाब सैल होतो. त्यामुळे Detail 70-80 वर असताना रेडिअस कमी करूनही किनार राहिली तर बुचकळ्यात पडू नका. छप्पर-आकाशासारख्या फोटोत मी तो 25 किंवा त्याच्या खालीच ठेवतो. झाडाची साल, कापड, दगड अशा पोताने भरलेल्या फोटोत वर न्यायला हरकत नाही, कारण तिथे किनार दिसायला सपाट पार्श्वभूमीच नसते.

रॉथेरपीमध्ये अनशार्प मास्कला किनार आवरण्यासाठी वेगळा Halo control आहे. गिंपमध्ये ती सोय नाही, आणि 2.10 पासून तिथल्या Sharpen (Unsharp Mask) चा सुरुवातीचा रेडिअस 3 आहे. वरच्या तक्त्यातली तिसरी ओळ ती हीच! उघडल्या उघडल्या तो 1 च्या खाली आणा.

फोटोशॉपमध्ये: उजळ आणि गडद बाजू वेगळ्या करा

रेडिअस कमी करूनही सपाट आकाशावर रेघ उरलीच, तर दुसरा उपाय. पांढरी बाजू खुपते, गडद बाजू पोतात लपते, मग दोघींना सारखा अमाउंट द्यायचं कारणच नाही.

लेयरच्या तीन प्रती करा. खालची तशीच ठेवा. वरच्या दोन्हींना सारखंच शार्पनिंग द्या, उदाहरणार्थ Unsharp Mask मध्ये Radius 0.7, Amount 140. मधल्या लेयरचा ब्लेंड मोड Darken, अपारदर्शकता 70 टक्के. सर्वांत वरच्याचा Lighten, 30 टक्के. तिन्हींचा ग्रुप करून ग्रुपचा मोड Luminosity ठेवा, म्हणजे कडेवर रंग हलणार नाहीत. ग्रुपमध्ये सर्वांत खाली साधी प्रत हवीच. ती नसली तर Darken ला तुलना करायला ग्रुपच्या आत काही सापडत नाही आणि हिशोब फसतो.

आपल्या छपराचं आता काय होतं बघा. आकाशाकडचा 36 चा ओव्हरशूट 30 टक्क्यांवर येतो: 180 चा 191. छपराकडचा 70 टक्क्यांवर: 60 चा 35. कडेवरची उडी 191 वजा 35, म्हणजे 156. मूळ उडी 120 होती, पूर्ण शार्पनिंगमध्ये 192 झाली असती. म्हणजे वाढलेल्या धारेतली निम्मी शिल्लक आहे, आणि आकाशातली रेघ एक तृतीयांशाहूनही कमी उरली आहे. ती निम्मी धार कमी वाटत असेल तर दोन्ही लेयरचा अमाउंट एकत्र थोडा वाढवा. पांढरी बाजू आता दमात आहे.

गडद बाजूलाही हद्द आहेच. चेहऱ्याची कड उजळ भिंतीसमोर असेल तर त्वचेवर काळपट रेघ उमटते, आणि ती आकाशातल्या पांढऱ्या रेघेइतकीच वाईट दिसते. तिथे 70 जास्त होतात.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी: ओव्हरशूटला थेट वेसण

लेयरवाल्या पद्धतीत एक उणीव राहते. खरी कड इतकी तीव्र नसते, ती दोन-तीन पिक्सेलांचा उतार असते. 70-30 च्या वाटणीत तो उतार तीव्र करण्याचं कामही कापलं जातं, आणि ते काम तर आपल्याला हवंच आहे. त्याहून नेमकी पद्धत अशी: प्रत्येक पिक्सेलच्या शेजाऱ्यांतला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद आकडा बघायचा, शार्पनिंगला त्या दोन्हींच्या मध्ये मोकळं सोडायचं, आणि त्याबाहेर जाईल तेवढ्याच भागाला कात्री लावायची.

```python
import numpy as np
from scipy.ndimage import (gaussian_filter,
                           maximum_filter, minimum_filter)

def sharpen(L, sigma=0.7, amount=1.4, light=0.3, dark=0.7):
    s = L + amount * (L - gaussian_filter(L, sigma))
    hi = maximum_filter(L, size=3)
    lo = minimum_filter(L, size=3)
    s = np.where(s > hi, hi + light * (s - hi), s)
    s = np.where(s < lo, lo + dark * (s - lo), s)
    return np.clip(s, 0, 1)
```

`L` म्हणजे लॅब रंगपद्धतीतला उजळपणाचा चॅनेल, 0 ते 1 मध्ये आणलेला, दशांशातला. लाल-हिरव्या-निळ्या चॅनेलवर वेगवेगळं चालवलं तर कडांना रंग चढेल.

एक मऊ कड घेऊन पडताळू. पहिली ओळ मूळ, दुसरी साधं शार्पनिंग, तिसरी वेसण घातल्यावर. वाचायला सोपं जावं म्हणून माप 0 ते 255 चंच ठेवलंय:

```
60  60  90 150 180 180
60  50  81 159 190 180
60  53  81 159 183 180
```

मधली उडी 90 ते 150 होती, म्हणजे 60. ती 81 ते 159 झाली, म्हणजे 78, आणि वेसण घातल्यावरही 78 च राहिली. कापला गेला तो फक्त बाहेर उसळलेला भाग: आकाशातला 190 आता 183. आकाशावर तीन पातळ्यांची वाढ सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. `light` शून्य केला तर ती तीनही जाते, पण मग तीव्र कडा काहीशा कागदातून कापून चिकटवल्यासारख्या दिसू लागतात. थोडा ओव्हरशूट ठेवलेला बरा.

खिडकीचा आकार 3 हा नीट फोकस झालेल्या फोटोसाठी आहे. कड चार-पाच पिक्सेलांवर पसरलेली असेल तर `size=5` करा, नाहीतर उतारावरच कात्री चालते. फार मोठी खिडकीही नको. शेजारी एखादा लखलखीत ठिपका असला तर तो `hi` वर नेऊन ठेवतो आणि त्याच्या आसपास किनारीला पुन्हा मोकळं रान मिळतं.

जिथे हे सगळं कमी पडतं

आकाशासमोरच्या बारीक डहाळ्या, वायर, उडणारे केस. यांची स्वतःची रुंदीच एक-दोन पिक्सेल, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या किनारी मिळून वस्तूपेक्षा जाड होतात. दोन डहाळ्यांमधलं आकाश दोन्हीकडून उजळतं, आणि अख्ख्या फांदीभोवती पांढरट झाक दिसते. असे भाग शार्पनिंगमधून वगळणंच बरं. लाइटरूममध्ये तिथे ब्रशने Sharpness उणे 30-40 द्या. मूळ डहाळी आधीच आकाशाशी इतका विरोध साधते की तिला मदतीची गरज नसते.

दुसरं म्हणजे हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो. तिथे कड सहा-आठ पिक्सेलांवर पसरलेली असते आणि 0.7 चा रेडिअस तिला शिवतसुद्धा नाही. मग हात आपोआप रेडिअस 3 कडे जातो, आणि रुंद किनारी येतात. Smart Sharpen मध्ये Remove ला Lens Blur किंवा Motion Blur निवडून काही प्रमाणात सुधारतं, पण अंदाज चुकला की लाटा उमटतात. प्रामाणिक उपाय म्हणजे फोटो लहान आकारात वापरणं: सहा पिक्सेलांची कड एक तृतीयांश आकारात दोन पिक्सेलांची होते, आणि तिथे बारीक शार्पनिंग पुन्हा लागू पडतं.

किनार आधीच भाजलेली असेल तर

मूळ रॉ नाही, हातात फक्त जेपेग, आणि छपराला पांढरी रेघ. ब्लर किंवा उणे शार्पनिंग करून ती जात नाही, कड मात्र मऊ होते. फोटोशॉपमध्ये रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प घ्या, वरच्या पट्टीत Sample ला Current & Below निवडा आणि त्या लेयरचाच ब्लेंड मोड Darken करा. कडेपासून पंधरा-वीस पिक्सेल दूरचं स्वच्छ आकाश Alt ने उचला आणि ब्रश कडेवरून फिरवा. नमुन्यापेक्षा उजळ असलेले पिक्सेल तेवढे बदलतात. छप्पर नमुन्यापेक्षा गडद आहे, त्यामुळे ब्रश त्यावरून गेला तरी त्याला काही होत नाही, आणि निवड करून हद्द आखायची गरज पडत नाही.

आकाश एका बाजूकडून दुसरीकडे फिकं होत जात असेल तर नमुना एकदाच घेऊन भागणार नाही. कडेने पुढे सरकाल तसा तो पुन्हा पुन्हा उचला, नाहीतर पांढऱ्या रेघेऐवजी करडी रेघ तयार होईल. ब्रशची धार मऊ आणि अपारदर्शकता 60-70 टक्के ठेवली तर आकाशाचा नॉइजही अगदीच पुसला जात नाही. आतली गडद पट्टी खुपत असेल तर हेच दुसऱ्या रिकाम्या लेयरवर Lighten मोडमध्ये, नमुना छपरावरून घेऊन. पण पोत असलेल्या छपरावर हे काम किचकट आहे, कारण Lighten तिथल्या खऱ्या सावल्याही उजळवून टाकतो, आणि ब्रश दोन-तीन पिक्सेलांचा ठेवून झूम करून बसल्याशिवाय ते नीट होत नाही.